लेखाआक्षेपाला उत्तर देताना

लेखापरीक्षणाचा अहवाल खात्यात आला की आक्षेपाखाली सहसा एकच ओळ लिहिली जाते: 'नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ.' अशा उत्तराने आक्षेप वगळला जात नाही. शिवाय, न झालेली चूक खात्याच्या माथी कायम राहते.

समजा, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागावर आक्षेप आहे की, खरेदी केलेल्या 4,80,000 रुपयांच्या औषधांची नोंद साठा नोंदवहीत नाही. खातेप्रमुखाने कागद तपासले. जिल्हा भांडाराच्या नोंदवहीत नोंद खरोखरच नव्हती, कारण पुरवठादाराने माल थेट 18 प्राथमिक आरोग्य केंद्रांवर उतरवला होता. त्यांपैकी 14 केंद्रांच्या वह्यांत 3,60,000 रुपयांचा साठा जमा दिसला. उरलेल्या चार केंद्रांत 1,20,000 रुपयांची नोंद कुठेच सापडली नाही.

आता उत्तर 'आक्षेप अंशतः मान्य' असेच द्यायला हवे. 3,60,000 रुपयांबाबत हरकत घ्यायची आणि प्रत्येक केंद्राचा डिलिव्हरी चलन क्रमांक, बॅच क्रमांक, नोंदवहीचे पान आणि जमा केल्याची तारीख लिहून साक्षांकित प्रती जोडायच्या. परीक्षक सर्वांत आधी तारीख पाहतो. तपासणी 12 जूनला झाली आणि नोंद 20 जूनची असेल, तर ती दुरुस्ती ठरते, पुरावा नव्हे. मागची तारीख टाकण्याचा मोह झाला तर ते बनावटीकरण होते, आणि आधीच्या-नंतरच्या नोंदींचा क्रम पाहिला की ते उघडे पडते. संपूर्ण आक्षेप नाकारण्याचा हट्टही अंगाशी येतो, कारण चार केंद्रांचा खोटेपणा कळला की 14 केंद्रांच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

मान्य केलेल्या भागासाठी आधी 31 ऑगस्टची मुदत दिली होती. ती वाढवून मागताना 'मनुष्यबळ अपुरे' एवढ्यावर भागत नाही. काम नेमके कुठे अडले ते सांगावे लागते: औषधे रुग्णांना वाटून झाली आहेत, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागाच्या वाटप नोंदींवरून बॅचनिहाय हिशेब जुळवावा लागेल. म्हणून दोन केंद्रांचे काम 31 ऑगस्टलाच पूर्ण होईल, उरलेल्या दोन केंद्रांचे 30 सप्टेंबरला. हिशेब जुळला नाही, तर जबाबदारी निश्चित करून वसुलीचा प्रस्ताव 15 ऑक्टोबरपर्यंत सादर होईल. प्रत्येक तारखेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम हवे, म्हणजे बदली झाली तरी काम कोणाकडे आहे हे स्पष्ट राहते. 'लवकरात लवकर' हे शब्द या पत्रात नकोतच.

सुधारित तारीख लिहिली म्हणजे ती मंजूर झाली असे नाही. परीक्षक मूळ नोंदवह्या पाहून खात्री करतो, आणि तोवर आक्षेप प्रलंबितच राहतो. म्हणून त्या 14 वह्या पत्र रवाना होण्यापूर्वीच हाताशी काढून ठेवा.