कुंडीतला दोन दातांचा काटा

आर्डुइनो शिकणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी जो ओलावा मोजणारा सेन्सर येतो, तो दोन दातांचा असतो. त्याला वायएल-६९ किंवा एफसी-२८ म्हणतात. तो मातीतून वीज सोडतो आणि रोध किती आहे ते पाहतो. माती ओली असली की रोध कमी, त्यामुळे आकडाही कमी. कोरड्या मातीत तो वर चढतो. ऊनोवर हा आकडा ० ते १०२३ असतो.

खरी अडचण या विजेचीच आहे. वीज सतत चालू ठेवली की धन बाजूच्या दाताचं तांबं विरघळून मातीत उतरतं. काटा उपसून बघितला तर एक दात हिरवट-काळा, खाल्लेला आणि दुसरा जवळजवळ शाबूत दिसतो. पुढचा परिणाम जास्त वाईट आहे. दात झिजला की रोध वाढतो, ओली मातीही कोरडी भासू लागते, त्या आकड्यावर चालणारा पाण्याचा पंप पुन्हा पुन्हा सुरू होतो आणि झाडाची मुळं कुजतात. म्हणून सेन्सरची वीज थेट ५ व्होल्टवर न जोडता एका डिजिटल पिनवरून द्यावी, तीही फक्त वाचनापुरती:

```
// setup(): pinMode(7, OUTPUT);
digitalWrite(7, HIGH);
delay(100);
int v = analogRead(A0);
digitalWrite(7, LOW);
```

तासाला एक वाचन कुंडीला पुरतं. गंज पूर्ण थांबत नाही, पण दात कितीतरी जास्त टिकतात. पंप चालू असताना मात्र वाचू नये. पुरवठ्याचा व्होल्टेज खाली जातो आणि आकडा उड्या मारतो. एका वेळी पाच-सात वाचनं घेऊन मधलं धरावं.

आकड्यांना अर्थ येतो तो आपल्याच मातीत. हवेतलं वाचन म्हणजे कोरडं आणि पाण्याच्या पेल्यातलं म्हणजे ओलं, असं धरणं मला चुकीचं वाटतं, कारण कुंडीतली माती त्या दोन टोकांना कधी पोचतच नाही. कोकोपीट आणि शेणखत घातलेलं तेच मिश्रण उन्हात वाळवून कुंडीत दाबून भरावं आणि आकडा टिपावा. मग खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालावं, निथळू द्यावं, पुन्हा टिपावं. समजा, कोरड्याला ८२० आणि निथळल्यावर ४२० आले. मग ७०० वाचन आलं, तर ८२० मधून ७०० वजा केल्यावर १२० उरतात. त्यांना ४०० ने भागलं की ओलावा ३० टक्के. काटा हलवला किंवा त्याच्याभोवती पोकळी राहिली, तर हे मोजमाप पुन्हा करावं लागतं. खत घातल्यावरही तेच, कारण क्षारांमुळे माती आहे त्यापेक्षा ओली दिसते.

कायमची कुंडी असेल, तर मी धारिता मोजणारी काळी पट्टीच घेईन. तिचं तांबं लेपाखाली असतं, मातीला लागत नाही. फक्त कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथून पाणी आत झिरपतं. त्या कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत आणि पट्टी वरच्या रेषेपलीकडे मातीत रोवू नये.