अपवर्कवरचा क्लायंट थेट जोडताना

परदेशी क्लायंटसाठी घरबसल्या काम करणाऱ्या अनेक फ्रीलान्सरांची पहिली गाठ अपवर्कसारख्या ऑनलाइन बाजारपेठेवर पडते. ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी अपवर्क हे नाव घेतले. क्लायंट शोधून देणे, पैसे आधी अडकवून ठेवून काम झाल्यावर सोडणे, वाद झाल्यास मध्यस्थी करणे, ही या बाजारपेठेची कामे. त्याबद्दल ती फ्रीलान्सरच्या बिलातून कमिशन कापते आणि क्लायंटकडूनही वेगळे शुल्क घेते. मे २०२३ पासून फ्रीलान्सरचे कमिशन सरसकट १० टक्के होते. मे २०२५ नंतरच्या नव्या कॉन्ट्रॅक्टांना ते कामागणिक वेगवेगळे, शून्य ते १५ टक्क्यांपर्यंत, लागते. काम वर्षभर सुरळीत चालले की दोन्ही बाजूंच्या मनात एकच विचार येतो: आता ओळख पक्की झाली आहे, मग मधला वाटा कशाला? थेट व्यवहाराकडे जाण्याचा मार्ग नियमांतच दिलेला आहे, मात्र तो कधी परवडतो हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

नियमाचा गाभा सोपा आहे. दोघांची ओळख अपवर्कवर झाली असेल, तर त्या ओळखीपासून २४ महिने त्यांच्यातील सगळे पैसे अपवर्कमार्फतच द्यायचे आणि घ्यायचे. पैसे भावाच्या खात्यात घेणे, क्लायंटच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने बिल काढणे किंवा निम्मे काम आत आणि निम्मे बाहेर ठेवणे, या पळवाटाही याच नियमात अडकतात. दोघे अपवर्कच्या आधीपासून एकमेकांना ओळखत असतील, तर मात्र हे बंधन लागू होत नाही. पुरावा म्हणून जुने ईमेल जपून ठेवलेले बरे.

फोन नंबर आणि ईमेल देण्याबाबत बराच गैरसमज आढळतो. कॉन्ट्रॅक्ट सुरू होण्यापूर्वी संपर्काचा तपशील देणे नियमाविरुद्ध आहे, सुरू झाल्यानंतर ते चालते. म्हणजे चालू कामासाठी क्लायंटशी व्हॉट्सॲपवर बोलण्यात गैर काही नाही, त्या बोलण्यातून पैसे बाहेर वळले तर ते गैर ठरते. क्लायंटने आपणहून बाहेर पैसे देण्याची तयारी दाखवली, तर नियमाप्रमाणे फ्रीलान्सरने ते अपवर्कला कळवायचे असते. निदान चॅटमध्ये तरी स्पष्ट नकार लिहून ठेवावा. गप्प राहिल्यास तो होकार समजला जाऊ शकतो, आणि पकडले गेल्यास खाते कायमचे बंद होऊ शकते. खात्याबरोबर वर्षानुवर्षे जमवलेले अभिप्राय आणि इतर क्लायंटांची चालू कामेही जातात.

२४ महिने थांबायचे नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे रूपांतर शुल्क. हे एकदाच भरायचे आणि बंधनातून मोकळे व्हायचे. नियमावलीत दिलेल्या पद्धतीप्रमाणे ताशी दराला २,०८० तासांनी गुणतात, म्हणजे आठवड्याला ४० तास धरून पूर्ण वर्ष, आणि येणाऱ्या रकमेचे १३.५ टक्के घेतात. पूर्वी हा दर १२ टक्के होता. असे आकडे बदलत राहतात, म्हणून निर्णयाच्या दिवशीची नियमावली उघडून तिची तारखेसह प्रत ठेवणे शहाणपणाचे. सगळ्याच बाजारपेठांना ही सोय नाही. फाइव्हरवर बाहेर पैसे देण्या-घेण्याला मनाई आहे आणि तिथे असे शुल्क भरून सुटका करून घेण्याची वाट नाही.

हे सूत्र पूर्ण वर्षाचे तास धरते, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला ते इथेच महाग पडते. उदाहरण म्हणून नाशिकमधील एक वेब डेव्हलपर घेऊ. अमेरिकेतील एका छोट्या ऑनलाइन दुकानाचे काम त्याने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केले. दर तासाला २५ डॉलर, आठवड्याला २० तास आणि वर्षाला साधारण ५० आठवडे, म्हणजे वर्षाची कमाई २५,००० डॉलर. त्यातून अपवर्कचे १० टक्के, म्हणजे २,५०० डॉलर जातात. दहा महिन्यांनी दोघांनी थेट काम करायचे ठरवले तर रूपांतर शुल्क २५ गुणिले २,०८० चे १३.५ टक्के, म्हणजे ७,०२० डॉलर होईल. त्याऐवजी उरलेले १४ महिने अपवर्कवरच काढले, तर कमिशन सुमारे २,९०० डॉलर जाईल. क्लायंटचे शुल्क ५ टक्के धरले तर आणखी सुमारे १,४५० डॉलर. एकूण ४,३५० च्या आसपास. थांबणे उघडच स्वस्त आहे.

हेच काम पूर्णवेळ असते तर उत्तर बदलले असते. वर्षाला ५२,००० डॉलरच्या कामावर १४ महिन्यांत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ९,१०० डॉलर शुल्क जाते आणि रूपांतर शुल्क तेच ७,०२० राहते. म्हणून नोकरीसारखे पूर्णवेळ काम असेल आणि मुदतीचे बरेच महिने बाकी असतील, तेव्हाच शुल्क भरण्यात अर्थ आहे. भरायचे कोणी, हे दोघांनी आपसात ठरवायचे. बहुतांश बचत ज्याच्या वाट्याला येणार, त्याने ते उचलणे न्याय्य.

नाशिकच्या डेव्हलपरने थांबायचे ठरवले, असे धरू. मुदत मोजताना त्याने पहिल्या निरोपाची तारीख न घेता कॉन्ट्रॅक्ट सुरू झाल्याची तारीख धरली. ती उशिराची असल्याने चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. सप्टेंबर २०२६ पर्यंतचा काळ त्याला रिकामा घालवायचा नाही. या काळात तो दर, कामाचे स्वरूप आणि क्लायंटची पैसे देण्याची सवय पारखून घेतो. अपवर्कवर दर आठवड्याला पैसे आपोआप येत असल्याने ही शेवटची गोष्ट एरवी कळतच नाही. अपवर्क क्लायंटच्या कार्डावरून पैसे ओढते. थेट व्यवहारात बिल मंजूर करून पैसे पाठवायला क्लायंटला स्वतः बसावे लागते. त्याच्याकडे हिशेब कोण पाहते आणि बिले महिन्याच्या कोणत्या तारखेला निघतात, हे सहज गप्पांतून विचारून घेता येते.

विषय काढण्याची वेळ नीट निवडावी लागते. एखादे काम अर्धवट असताना किंवा बिलावरून बोलणे चालू असताना तो काढला, तर क्लायंटला तो दबाव वाटतो. एखादा टप्पा पूर्ण होऊन पैसे सुटल्यावर, मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी बोलणे बरे. निरोपात तीन गोष्टी असाव्यात: २४ महिन्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, तोपर्यंत सगळे अपवर्कवरच चालेल, आणि नंतर थेट काम केल्यास दोघांची किती बचत होईल. आकडे उघड मांडावेत. डेव्हलपरच्या हाती तासाला २५ पैकी २२.५० डॉलर पडत होते. थेट दर २४ ठेवला तर त्याचे दीड डॉलर वाढतात आणि क्लायंटचा एक डॉलर व वरचे शुल्क वाचते. बचत लपवून सगळी स्वतःकडे ठेवण्याचा प्रयत्न क्लायंटच्या लगेच लक्षात येतो, कारण अपवर्कचे शुल्क त्यालाही स्क्रीनवर दिसतच असते. क्लायंट नको म्हणाला तर विषय तिथेच थांबवावा. मध्यस्थाची हमी आणि एकाच ठिकाणचा हिशेब यासाठी तो पैसे मोजायला तयार असेल, तर तो त्याचा हक्क आहे.

मुदत संपल्यावर जुने कॉन्ट्रॅक्ट तसेच लोंबकळत ठेवू नये. शेवटचे तास किंवा टप्पा पूर्ण करून पैसे सुटू द्यावेत, मग कॉन्ट्रॅक्ट रीतसर बंद करावे. बंद केल्यापासून १४ दिवसांत दोघांना एकमेकांबद्दल अभिप्राय लिहिता येतो. दोन वर्षांच्या कामाचा चांगला अभिप्राय पुढच्या क्लायंटांसाठी मोलाचा असतो आणि घाईगडबडीत हमखास राहून जातो.

यानंतर मध्यस्थाची कामे दोघांनाच करावी लागतात. त्यांतले मोठे म्हणजे पैसे बुडण्याची जोखीम. महिन्याअखेर बिल आणि त्यावर पंधरा दिवसांची मुदत ठेवली, तर पैसे यायच्या वेळी जवळपास सहा आठवड्यांचे काम उधारीवर असते. २४ डॉलर दराने आणि आठवड्याला २० तासांप्रमाणे ते २,८८० डॉलर होतात. म्हणजे एक बिल बुडाले तर कमिशनची वर्षभराची बचत वाहून जाते. उपाय साधा आहे: दर पंधरवड्याला बिल, सात दिवसांची मुदत आणि सुरुवातीला दोन आठवड्यांचा आगाऊ जमा. मग उधारी सुमारे एका आठवड्याच्या कामावर, ४८० डॉलरवर येते. मुदतीनंतर अमुक दिवस पैसे आले नाहीत तर काम थांबेल, हेही करारात आधीच लिहिलेले असावे. तेव्हा काम थांबवणे हा भांडणाचा विषय होत नाही.

दोन पानी करार पुरतो. त्यात कामाचे स्वरूप, दर, बिलाचा क्रम, पैसे मिळाल्यावर कामाची मालकी क्लायंटकडे जाईल ही अट, गोपनीयता आणि तीस दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडण्याची मुभा एवढे यावे. अपवर्कची कामाची नोंदवही आता नसल्याने तासांची नोंद डेव्हलपरने स्वतः ठेवून प्रत्येक बिलाला जोडावी.

भारतातील कागदपत्रेही आता स्वतः सांभाळायची. अमेरिकी क्लायंट पैसे देण्यापूर्वी डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म मागू शकतो. फॉर्म भरणारी व्यक्ती अमेरिकी करदाता नाही, हे त्यातून नोंदवले जाते. परदेशातून पैसे आल्यावर बँक हेतू-कोड विचारते. सॉफ्टवेअर सल्ला आणि तत्सम कामासाठी P0802 वापरतात. मिळालेल्या रकमेचे बँकेचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मागून घ्यावे, कारण सेवा निर्यात केली आणि परकीय चलन आले याचा पुरावा तोच. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि निर्यातीचे उत्पन्नही त्यात मोजले जाते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर या डेव्हलपरचे २४,००० डॉलर २० लाख ४० हजार होतात, म्हणजे तो मर्यादेच्या बाहेर आहे. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो, पण कर आधी न भरता बिल काढायचे असेल तर दर आर्थिक वर्षी RFD-11 या फॉर्ममध्ये हमीपत्र द्यावे लागते.

एवढे सगळे करूनही काही क्लायंट अपवर्कवरच राहू द्यावेत. ज्यांची कामे लहान आणि तुटक आहेत, जे दर महिन्याला कामाचे स्वरूप बदलतात किंवा ज्यांच्याबरोबर टप्प्यांच्या मंजुरीवरून पूर्वी वाद झाला आहे, त्यांच्या बाबतीत दहा टक्के हा विम्याचा हप्ता समजावा आणि भरत राहावे. नियमित काम आणि वेळेवर मंजुरी असलेल्या क्लायंटच्या बाबतीतच थेट व्यवहारात बचत खरोखर हाती लागते.