चोराच्या हाती न लागणारी किल्ली

डेटाबेस चोरीला गेला, की हॅशसोबत त्याचा सॉल्टही चोराला मिळतो. सॉल्टमुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात. पण `ganpati123` असा सोपा पासवर्ड चोर तोच सॉल्ट लावून आपल्या संगणकावर ताडून पाहतोच.

म्हणून पेपर, म्हणजे डेटाबेसबाहेर ठेवलेली, सगळ्यांसाठी एकच गुप्त किल्ली. ड्रॉपबॉक्सने 2016 मध्ये आपली पद्धत जाहीर केली: प्रत्येकाच्या सॉल्टसह बीक्रिप्टने हॅश करायचा आणि तो हॅश पेपर वापरून एईएस-256 ने कुलूपबंद करायचा. ही शेवटची पायरी मला फार शहाणपणाची वाटते. पेपर फुटल्याचा संशय आला, तर जुन्या किल्लीने हॅश उघडून नव्या किल्लीने बंद करता येतो. ग्राहकांचे पासवर्ड लागत नाहीत. पेपर पासवर्डातच मिसळून हॅश केला असता, तर हे जमलं नसतं.

किल्ली एचएसएम या खास उपकरणात ठेवली, तर ती बाहेर येतच नाही. सर्व्हर फक्त काम सांगतो. सर्व्हर चोराच्या ताब्यात गेला, तर तोही काम सांगू शकेल. पण एकेक हॅश उघडायला त्याला उपकरणाकडेच यावं लागतं. तिथे वेगावर मर्यादा घालता येते आणि विनंत्यांची अचानक वाढ नोंदींत दिसते. किल्लीची सुरक्षित प्रत मात्र हवीच. ती हरवली, तर एकाही ग्राहकाला जुन्या पासवर्डाने लॉगिन करता येणार नाही.