कर्जत-खोपोलीची थेट केबल का वगळायची?

नेरळ, कर्जत, चौक, खालापूर, खोपोली ही पाच गावं कमीत कमी केबलमध्ये जोडायचीत. अंतरं उदाहरणापुरती धरू: खोपोली-खालापूर ७ किमी, खालापूर-चौक १०, चौक-कर्जत १३, कर्जत-नेरळ १४, कर्जत-खोपोली १५.

क्रुस्कलचा १९५६ चा नियम हावरट आहे. सगळ्यात छोटी जोडणी आधी उचला, आणि वेटोळं होत असेल तर ती सोडा. ७, १०, १३, १४ घेतल्या की पाचही गावं जोडली जातात. १५ वाली घेतली तर कर्जत, चौक, खालापूर, खोपोली असं वेटोळं होतं, म्हणून ती बाद. एकूण ४४ किमी.

हेच स्वस्त कशावरून? समजा कुणी हट्टाने चौक-कर्जत टाळून कर्जत-खोपोली घेतली. त्याच्या आराखड्यात १३ वाली घाला. आता वेटोळं झालं, त्यातली १५ वाली काढली तरी सगळी गावं जोडलेलीच राहतात, वर २ किमी वाचतात! हावरट आराखड्यापासून कुठेही फारकत घेतली, तरी अशी अदलाबदल करत तुम्ही खर्च न वाढवता त्याच्याकडेच येता.

मात्र कर्जतहून खोपोलीला आता ३० किमी केबल फिरावं लागतं. आणि चौकजवळ जेसीबीने केबल तोडली, की दुसरी वाटच नाही.