कॅमेऱ्याला न दिसलेले रंग

पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा लुई दागेरने 1838 साली काढलेला एक फोटो आहे. दुतर्फा झाडं, उंच इमारती, छपरांवरची धुराडी, सगळं रेखीव दिसतं. पण भर दिवसा रस्ता ओस पडलेला आहे. गाड्या नाहीत, घोडे नाहीत, माणसं नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यात तेवढा एक माणूस बूट पॉलिश करून घेत उभा आहे. खरं तर त्या वेळी रस्ता वाहता होता. मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढा वेळ जो एका जागी थांबला, तोच फोटोत आला. बाकीचे सगळे पुसले गेले.

कॅमेरा आला, हुबेहूब चित्रं काढण्यात अर्थ उरला नाही आणि म्हणून चित्रकार वास्तवापासून दूर गेले, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. दागेरचं तंत्र 1839 साली जाहीर झालं, तेव्हा पॉल देलारोश हा चित्रकार ‘आजपासून चित्रकला मेली’ असं म्हणाल्याची गोष्टही सांगतात. त्याला त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. उलट या शोधाचा चित्रकारांना उपयोगच होईल, असं मत त्याने दिलं होतं.

या समजुतीत खरं काहीच नाही, असं मात्र नाही. तळहातावर मावतील अशी छोटी व्यक्तिचित्रं रंगवणाऱ्यांचा धंदा फोटोने खरोखरच बसवला. प्रियजनांची आठवण जवळ बाळगायला लोक अशी चित्रं काढून घेत. तेच काम फोटो कमी पैशांत करू लागला. त्यातले कित्येक जण मग स्वतःच फोटोग्राफर झाले, नाहीतर स्टुडिओत बसून फोटोंना हाताने रंग देऊ लागले.

पण मोठ्या चित्रकलेचं काय झालं? तिथे तारखाच आड येतात. गुस्ताव्ह कूर्बेने ‘दगडफोडे’ रंगवलं 1849 साली, आणि ‘वास्तववाद’ असं नाव देऊन स्वतंत्र प्रदर्शन मांडलं 1855 साली. म्हणजे वास्तववादाची चळवळ उभी राहिली ती कॅमेरा आल्यानंतर. आणि वादळात, धुक्यात आकार विरघळवून टाकणारा इंग्लंडचा टर्नर 1839 च्या आधीपासूनच त्या वाटेवर होता.

दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन 1874 साली पॅरिसमध्ये भरलं, तेही नादार या नामांकित फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत. कॅमेऱ्याला घाबरलेली माणसं तिथे कशाला जातील? त्या प्रदर्शनात मोनेचं, स्टुडिओ होता त्याच बुलेव्हार दे काप्युसीन रस्त्याचं चित्र होतं. त्यातली गर्दी म्हणजे काळसर रंगाचे नुसते फटकारे. जवळून पाहिलं तर एकालाही चेहरा नाही; चार पावलं मागे सरकलं की सगळा रस्ता चालू लागतो. फोटोत हलणारी माणसं धूसर होतात, ते पाहून मोनेला हे सुचलं, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल, तर कॅमेऱ्याने त्याला पळवून लावलं नाही, पाहण्याची एक नवी तऱ्हा दाखवली.

माझ्या मते या चित्रकारांचं खरं धाडस रंगात होतं, आणि रंग ही तर कॅमेऱ्याची दुखरी बाजू. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे निळंभोर आकाश पांढरंफटक येई आणि लाल कापड काळं. गुस्ताव्ह ल ग्रे हा फोटोग्राफर 1850 च्या दशकात समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर टिपून दोन्ही एकत्र छापत असे. दुसरीकडे 1841 पासून तयार रंग कथलाच्या नळ्यांत मिळू लागले होते. ते घेऊन उघड्यावर जाऊन चित्र काढणं सोपं झालं. जपानी छापचित्रंही पॅरिसमध्ये आली होती. चित्रं बदलण्यात या गोष्टींचा हात कॅमेऱ्याइतकाच, कदाचित जास्त आहे.

आपल्याकडे तर प्रवाह उलटाच वाहिला. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये वास्तवदर्शी चित्रणाचे धडे गिरवले जात होते. राजा रविवर्मा व्यक्तिचित्रं हुबेहूब यावीत म्हणून फोटोंची मदत घेत. तेच यंत्र इथे वास्तवाच्या कामी आलं.

लुमिएर बंधूंच्या रंगीत फोटोच्या काचा बाजारात आल्या 1907 साली. ‘दृक्प्रत्ययवाद’ हे नाव ज्यावरून पडलं ते मोनेचं सूर्योदयाचं चित्र 1872 चं, म्हणजे त्याच्या 35 वर्षं आधीचं.