उच्छ्वासातील हवा

(सलमा आणि नसरीन या मैत्रिणी एकाच महाविद्यालयात शिकतात. सलमा विज्ञान शाखेत आहे, तर नसरीन कला शाखेत. दुपारच्या सुट्टीत दोघी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून बोलत आहेत.)

सलमा : नसरीन, आज तू इतकी गप्प का?

नसरीन : काल आमच्या गल्लीतला एक मुलगा तलावात बुडता बुडता वाचला. लोकांनी त्याला वर काढले, तेव्हा त्याचा श्वास बंद होता. एक तरुण पुढे आला आणि त्या मुलाच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकू लागला. तेवढ्यात आमचे चाचा ओरडले, "अरे, थांब! तोंडातून विषारी वायू निघतो. पोर मरेल!"

सलमा : मग तो तरुण थांबला का?

नसरीन : क्षणभर थांबला, पण पुन्हा फुंकू लागला. थोड्या वेळाने मुलगा खोकला आणि त्याने डोळे उघडले. आता तो दवाखान्यात आहे. पण सलमा, चाचांचे काय चुकले? आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, हे तर आपण शाळेतच शिकलो.

सलमा : ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. ते ऐकून वाटते की आत जाते ती सगळी हवा ऑक्सिजन आणि बाहेर येते ती सगळी कार्बन डायऑक्साइड. मला सांग, साध्या हवेत सर्वांत जास्त कोणता वायू असतो?

नसरीन : नायट्रोजन.

सलमा : बरोबर. शंभर भाग कोरडी हवा घेतली तर त्यात सुमारे ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन असतो. उरलेल्या एका भागात बहुतेक आरगॉन हा वायू असतो. कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा, म्हणजे फक्त ०.०४ भाग.

नसरीन : आणि बाहेर येणाऱ्या हवेत?

सलमा : आपण एका श्वासाचा हिशेबच करू. वही काढ. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यात ऑक्सिजन किती?

नसरीन : २१ टक्के, म्हणजे १०५ मिलिलिटर.

सलमा : त्यांपैकी शरीर फक्त २५ मिलिलिटर घेते. उरलेला ८० मिलिलिटर ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. त्याच्याबरोबर सुमारे २० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड येतो. नायट्रोजन शरीराला श्वासातून नको असतो, म्हणून तो ३९० मिलिलिटर आत गेला तर तेवढाच परत येतो.

नसरीन : (वहीत पाहून) म्हणजे बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे १६ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड फक्त ४ टक्के! कार्बन डायऑक्साइडच्या चौपट ऑक्सिजन बाहेर येतो की!

सलमा : होय. शिवाय त्या हवेत पाण्याची वाफ असते. म्हणून तर आरशावर श्वास सोडला की तो धूसर होतो.

नसरीन : पण शरीर सगळा ऑक्सिजन का घेत नाही? एवढा वाया का घालवते?

सलमा : याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की ५०० मिलिलिटर हवेपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. ती फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. ती जशी आत जाते, तशीच बाहेर येते.

नसरीन : आणि दुसरे कारण?

सलमा : साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसे रिकामी होत नाहीत. त्यांत दोन लिटरांहून जास्त हवा शिल्लक असते. रांजणातल्या पाण्यात एक तांब्या नवे पाणी ओतावे, तशी ताजी हवा त्या जुन्या हवेत मिसळते. तिच्यातून रक्त आपल्याला लागतो तेवढाच ऑक्सिजन घेते. रक्त भरले की जास्त घ्यायला जागा नसते.

नसरीन : पण सलमा, शाळेत सरांनी प्रयोग करून दाखवला होता. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधासारखी पांढरी होते. ती कार्बन डायऑक्साइडमुळेच ना?

सलमा : कार्बन डायऑक्साइडमुळेच. पण निवळी एवढेच सांगते की तो वायू आहे. तो किती आहे, हे ती सांगत नाही. साधी हवा पंपाने बराच वेळ निवळीतून सोडली, तर तीही शेवटी पांढरी होते. फुंकल्यावर ती लवकर पांढरी होते, कारण ०.०४ च्या जागी ४ टक्के, म्हणजे शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो.

नसरीन : शंभरपट झाला तरी शंभरात चारच! येथेच लोकांची फसगत होते.

सलमा : मेणबत्तीच्या प्रयोगातही असेच होते. बरणीत उच्छ्वासाची हवा भरून त्यात जळती मेणबत्ती सोडली, तर ती लवकरच विझते. मुले म्हणतात, "ऑक्सिजन संपला." पण मेणबत्तीची ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनलाच विझू लागते. ज्योत विझली म्हणजे ऑक्सिजन मुळीच नाही, असे नव्हे.

नसरीन : म्हणून त्या मुलाला फुंकलेल्या हवेचा उपयोग झाला.

सलमा : होय. त्याच्या फुप्फुसांत नवी हवा जातच नव्हती. त्याला १६ टक्के ऑक्सिजन मिळाला, हे खूप झाले. अमेरिकेतील डॉ. जेम्स एलम यांनी हे तपासून पाहिले होते. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत असलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत त्यांनी मुखवट्यातून आपला उच्छ्वास फुंकला आणि रक्तातील ऑक्सिजन मोजला. तो चांगला राहिला. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले.

नसरीन : मग आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा घेतली तर चालेल का?

सलमा : मुळीच नाही! पिशवीत तोंड घालून श्वास घेतला, तर प्रत्येक वेळी ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. आधी धाप लागते, डोके दुखते. तो दहा टक्क्यांच्या आसपास गेला की माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो. हा खेळ कधीही करू नये. बुडालेल्या माणसाला हवा फुंकणारा मात्र प्रत्येक फुंकीआधी बाहेरची ताजी हवा घेतो. हवा फुंकताना रोग्याची छाती वर उचलली जाते का, हे तो पाहतो. छाती हलली नाही, तर हवा आत गेलेली नाही असे समजावे.

नसरीन : आज घरी गेल्यावर चाचांना हा हिशेब दाखवते. पुन्हा कोणी बुडाले, तर निदान ते मदत करणाऱ्याला अडवणार नाहीत.

(घंटा वाजते. दोघी वर्गाकडे जातात.)

शब्दार्थ
उच्छ्वास – बाहेर सोडलेला श्वास
धूसर – अंधुक, अस्पष्ट
वायुकोश – फुप्फुसांतील हवेच्या अगदी लहान पिशव्या
रांजण – पाणी साठवण्याचे मातीचे मोठे भांडे
चुन्याची निवळी – चुना तळाशी बसल्यावर वर राहणारे स्वच्छ पाणी
फसगत होणे – फसणे

स्वाध्याय
१. चाचांनी त्या तरुणाला का अडवले?
२. एका श्वासातील १०५ मिलिलिटर ऑक्सिजनपैकी किती परत बाहेर येतो?
३. चुन्याच्या निवळीचा प्रयोग काय सांगतो व काय सांगत नाही?
४. "फुंकलेल्या हवेने माणूस वाचू शकतो, पण पिशवीत श्वास घेणे धोक्याचे आहे." कारण लिहा.