पुस्तकांच्या कपाटातली दिवाळी

दिवाळीत दारात रांगोळी येते, कंदील लागतो, पण पुस्तकांचं कपाट बिचारं तसंच राहतं. यंदा त्यातला एक कप्पा सजवू या. सगळं कपाट नको. उभं राहिल्यावर नजरेसमोर येतो, तेवढाच.

समजा, कप्पा तीन फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. आधी निम्मी पुस्तकं बाहेर काढू, कारण मोकळी जागा नसली तर मांडलेलं काही दिसतच नाही. मग मुख्य वस्तू एकच ठरवू. आपण घेऊ आजीचा पितळी तांब्या, चिंच-मिठानं घासून लगेच कोरडा पुसलेला. शेजारी पितळी समई आणि मूर्तीही ठेवली, तर तिघांची स्पर्धा लागते आणि नजर कुठेच ठरत नाही.

तांब्या मधोमध न ठेवता थोडा डावीकडे ठेवू. खाली दोन-तीन पुस्तकं आडवी घातली की तो उचलून दिसतो. पुस्तकांवर भांडं ठेवायला मन धजत नसेल, तर छोटा पाट घ्या. उजवीकडे पुस्तकं उभी लावू, उंच टोकाला आणि बुटकी तांब्याकडे. एखादा दिवाळी अंक मुखपृष्ठ समोर करून टेकवू. ‘मनोरंजन’नं 1909 साली ही परंपरा सुरू केली, तेव्हा या सजावटीत त्याचा मान आहेच.

आता दिवा. इथे मात्र हट्ट नको. पेटती पणती कप्प्यात ठेवायचीच नाही. ज्योतीची धग सरळ वर जाते, वरची फळी तापते, काळी पडते, आणि कडेला कागद असतोच. कप्प्यात बॅटरीवरचे दिवे तांब्याच्या मागे लपवू. पितळेची कड उजळते आणि वायर दिसत नाही. खऱ्या पणत्या कपाटापासून दूर, पडदा नसलेल्या जागी, स्टीलच्या ताटात ठेवू. मातीची पणती तेल पिते आणि खालून पाझरते, म्हणून ताट हवंच. आधी काही तास पाण्यात भिजवून वाळवली, तर तेल कमी पिते.

फुलं थोडी. ओल्या झेंडूचा डाग कागदावरून जात नाही, म्हणून पुस्तकांवर माळ नको. वाटीत पाणी घेऊन चार-पाच शेवंतीची फुलं तांब्याच्या पायाशी ठेवू, पुस्तकांपासून वीतभर लांब. पाणी रोज बदलायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो.

सगळं मांडून झालं की दारात जाऊन डोळे किलकिले करून पाहा. आधी तांब्या दिसला तर जमलं. फुलं किंवा दिवे दिसले, तर त्यातलं एक काढा. बहुतेक वेळा काढावं लागतं ते फूलच.